दीड इंच समास

भाचीने आयुष्यात लिहिलेल्या पहिल्या रिव्ह्यूत सहा वाक्यं होती. त्यांतलं एकच असं होतं, की जे खरं की खोटं हे कुणालाही तपासता आलं असतं. ती वाक्यं अशी: ‘अत्यंत भिकार काम. ज्युरीसमोर माझ्या थीसिसची पानं सुटून हातात आली. हलका गोंद वापरून पैसे उकळतात. मुलांच्या पाच वर्षांच्या मेहनतीची यांना काडीची किंमत नाही. मालकाला बोलायची रीत नाही. इथे चुकूनही जाऊ नका.’ वर एक तारा. शून्य देता येत असता तर तिने शून्यच दिला असता, कारण तेही तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं.

भाची पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या थीसिसचं पुस्तक पेठेतल्या एका बाइंडरने बांधलं होतं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका मधला, दोन पानांवर पसरलेला प्लॅन बघायला ते उघडून टेबलावर दाबलं, तेव्हा ती दोन पानं आणि त्यांच्या मागची आणखी काही त्यांच्या हातात आली. परीक्षक काही बोलले नाहीत, पानं नीट लावून ठेवली, एवढंच. पण पाच वर्षांचा अभ्यास ज्या दिवशी मांडायचा त्या दिवशी असं होणं म्हणजे काय, हे सांगायला नको. रात्री तिने मोबाईल काढला आणि गूगल मॅप्सवर त्या दुकानाच्या नावाखाली ते सगळं लिहून टाकलं. ग्रुपवर स्क्रीनशॉट आला. मावश्यांनी अंगठे दाखवले, एका काकाने ‘बरी जिरवलीस’ म्हटलं.

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत बरीच वर्षं वाचकांच्या पत्रांचं टेबल सांभाळलं आहे. तक्रारीच्या पत्रांशी माझा जितका संबंध आला तितका कवितेशी आला नाही. बस थांबत नाही, रॉकेल मिळत नाही, शिंप्याने कापड बिघडवलं. ही पत्रं वाचताना एक सवय हाताला लागते. लाल पेन्सिल घेऊन आपण प्रत्येक वाक्याला विचारत जातो: हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं? भाचीचा स्क्रीनशॉट वाचताना ती पेन्सिल मनातल्या मनात चाललीच. ‘पानं सुटून हातात आली’ हे तिने पाहिलं होतं. ‘भिकार’ हा राग होता, तो तिचा हक्काचा. ‘काडीची किंमत नाही’ हे दुसऱ्याच्या मनात शिरून लिहिलेलं. ‘हलका गोंद’ मात्र या सगळ्यांत निराळं होतं. ते वाक्य पाहिल्यासारखं दिसत होतं, पण होता तो तर्क. तक्रारीतली सगळ्यांत जड वाक्यं नेहमी याच जातीची असतात. राग वाचणाऱ्याला राग म्हणून कळतो आणि तो त्यातून हवा तेवढा वजा करतो. तर्क माहितीचे कपडे घालून आला की त्यातून कुणी काही वजा करत नाही.

त्या दुकानाला तोवर नऊ जणांनी तारे दिले होते. सहा जणांनी पाच, दोघांनी चार, एकाने तीन. बेरीज एकेचाळीस, सरासरी ४.६. भाचीचा एक तारा पडला आणि बेचाळीस भागिले दहा, म्हणजे ४.२ झालं. त्याच भागात एक मोठं झेरॉक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. त्याच्या नावावर तीनशेच्या आसपास रिव्ह्यू आणि सरासरी ४.२. तिथे तिने हाच एक तारा दिला असता तर आकडा हलला नसता. म्हणजे एकच रागाचं माप लहान दुकानावर टाकलं की काटा खाली येतो, मोठ्यावर टाकलं की काट्याला पत्ताही लागत नाही. त्यात बाइंडरची गिऱ्हाइकं कोण? ग्रंथालयं, वकिलांच्या कचेऱ्या, दिवाळी अंकांचे जुने संच बांधून घेणारे माझ्यासारखे म्हातारे. यांतलं कुणी काम आवडलं म्हणून मोबाईल काढून तारे देत नाही. त्यांचा रिव्ह्यू म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येणं. तो कुठल्याच सरासरीत धरला जात नाही.

ताऱ्यांचा धंद्यावर खरोखर परिणाम होतो का, याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल ल्यूका यांनी २०११मध्ये सिअ‍ॅटल शहरातल्या उपाहारगृहांचं उत्पन्न आणि येल्पवरचे त्यांचे तारे ताडून पाहिले. एक तारा वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढत होतं. पण हा परिणाम एकट्या मालकाच्या हॉटेलांवर दिसला. साखळी हॉटेलांवर दिसला नाही, कारण तिथे काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असतं. उपाहारगृहाचं गणित बाइंडरला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी जे दुकान फारसं कुणाला ठाऊक नाही, त्याच्याबद्दल लिहिलेला शब्द जास्त वजनाने पडतो, एवढं त्यातून घेता येतं.

पुढची गोष्ट भाचीने सांगितली तशी सांगतो. नंतर तिच्याबरोबर मी त्या दुकानात जाऊन आलो, त्यामुळे काही माझ्या डोळ्यांनी पाहिलेलंही त्यात आहे.

परीक्षा संपली, ती पास झाली आणि एका आर्किटेक्टच्या कचेरीत लागली. तिथे एका प्रकल्पाचं सादरीकरणाचं पुस्तक बांधून आणायचं होतं. नेहमी जाणारा माणूस रजेवर, म्हणून गठ्ठा आणि पत्ता हिच्या हातात आला. पत्ता त्याच दुकानाचा. कचेरी कित्येक वर्षं त्याच बाइंडरकडे काम देत होती. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ती गेली. मालक तिला ओळखण्याची शक्यता नव्हती. रिव्ह्यूवर तिचं पूर्ण नाव नव्हतं, फोटोच्या जागी मांजर होतं.

दुकान म्हणजे दोन खणांची जागा. पुढे टेबल, मागे कटिंग मशिन, भिंतीला लोखंडी शिकंजा आणि त्यात पिळून ठेवलेली पुस्तकं. कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळीला मोरचुदाने आलेली निळसर झाक, कारण नुसत्या पिठाची खळ कसर आणि झुरळं सोडत नाहीत. बाइंडर साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी गठ्ठा घेतला, पानं मोजली नाहीत, छापलं काय आहे तेही पाहिलं नाही. एक पान काढलं, ते आधी उभं वाकवलं, मग आडवं वाकवलं आणि म्हणाले, “मॅडम, हे मी चिकटवून देणार नाही. शिवून पाहिजे तर सांगा, दोन दिवस लागतील.”

“का? चिकटवून का नाही?”

“आर्ट पेपर आहे. वर ग्रेन आडवा. मागं एका पोरीचं पुस्तक असंच ज्युरीत फुटलं. तिनं मोबाईलवर लिहिलंय. पोरानं वाचून दाखवलं मला.”

भाची म्हणते, त्या क्षणी मला गठ्ठा उचलून निघून यावंसं वाटत होतं. पण कचेरीचा गठ्ठा त्यांच्या हातात होता. म्हणून तिने विचारलं, “काय लिहिलंय तिने?”

“लिहिलंय ते बरोबरच. पानं सुटली म्हणून लिहिलंय, सुटलीच. पण म्हणते हलका गोंद. गोंद हलका असता तर बरं होतं हो. बदलला असता, प्रश्न मिटला असता.”

मग त्यांनी जे दाखवलं ते तिने मला नंतर सांगितलं आणि मी गेलो तेव्हा त्यांच्याकडून पुन्हा समजून घेतलं. टेबलाखालच्या खोक्यात फुटलेल्या पुस्तकांच्या पाठी पडलेल्या असतात. त्यांतली एक त्यांनी काढली. परफेक्ट बाइंडिंग म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा एका बाजूने दाबून धरायचा, ती कड खरवडायची आणि तिच्यावर गोंद देऊन वर कव्हर चढवायचं. शिलाई नाही, टाचण नाही. खरवडायचं कशासाठी, तर कागदाचे तंतू मोकळे व्हावेत म्हणून. गोंद धरतो तो तंतूंना. साध्या बाँड पेपरचे तंतू वरच असतात, म्हणून साधी पुस्तकं वर्षानुवर्षं टिकतात. आर्ट पेपरवर किंवा मॅटवर मात्र दोन्ही बाजूंनी खडूमातीचा लेप असतो. चित्र झळाळतं ते त्या लेपामुळे. खरवडलेली कड तर केसाएवढी, आणि तिच्या दोन्ही अंगांना लेपच. गोंद मुख्यतः त्या लेपाला चिकटतो आणि लेप कागदाला जेमतेम चिकटलेला असतो. बाइंडरांनी गोंदाची ती वाळलेली पट्टी उन्हाकडे धरली. तिच्यावर पानागणिक एक, अशा बारीक पांढऱ्या रेघा होत्या. नख लावलं की पावडर सांडत होती. “बघा,” ते म्हणाले, “गोंदानं धरलेलं सोडलं नाही. कागदानंच साय काढून दिली आणि दूध निघून गेलं.”

ग्रेनची गोष्ट याहून साधी आहे, पण ती सांगितल्याशिवाय कळत नाही. कारखान्यात कागद तयार होताना तंतू एका दिशेने लागतात. कागद त्या दिशेच्या रेषेवर सहज वळतो, तिला आडवा वळवला तर अडतो. पुस्तकात ही रेषा पाठीला समांतर असली पाहिजे, म्हणजे पान उलटताना आपणहून वाकतं आणि पडून राहतं. डिजिटल प्रिंटिंगवाले बारा बाय अठरा इंचांच्या शीटवर दोन ए-फोर पानं शेजारी शेजारी छापतात. शीटचा ग्रेन लांबीच्या अंगाला असला, तर कापलेल्या उभ्या पानात तो आडवा येतो. असं पान पुस्तकात वाकत नाही, ताठ उभं राहतं. टेबलावर दाबून सपाट करायला गेलं की वाकण्याऐवजी तरफेसारखं मुळाशी जोर देतं. कागद जाड असला तर हा जोर आणखी. भाचीचा कागद १७० जीएसएम मॅट होता. म्हणजे लेपाचा, जाड आणि आडव्या ग्रेनचा, असा तिन्ही दोषांचा. त्यातून प्लॅन पाठीपर्यंत छापलेला. जिथे गोंद लागायचा तिथेही शाई.

मी गेलो तेव्हा मध्येच विचारलं, मग हे सगळे प्रबंध टिकतात कसे? विद्यापीठांच्या काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांची पानं कधी सुटलेली पाहिली नाहीत. ते हसले. ती सगळी शिवलेली असतात. गठ्ठ्याला कडेपासून आत आरीने भोकं पाडून दाभणाने दोरा ओढतात. मग कागद कुठलाही असो, दोरा तोडल्याशिवाय पान निघत नाही. पण त्या शिलाईला जागा लागते. म्हणून तर प्रबंधाच्या नियमांत डावीकडे दीड इंच समास सोडा असं छापलेलं असतं. मुलं तो नियम जुनाट समजतात आणि पानाला शोभा नाही म्हणून समास कमी करतात. तो दीड इंच शोभेसाठी नसून दाभणासाठी असतो. शिवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही, ही त्याची किंमत. भाचीचा प्लॅन दोन पानांवर होता, तिला पुस्तक सपाट उघडायला हवं होतं.

पहिल्या दिवशी कागदाचं आणि गोंदाचं हे सगळं ऐकून झाल्यावर भाची म्हणाली, “काका, ती पोरगी मी.”

बाइंडर काही न बोलता उठले आणि त्यांनी रजिस्टर काढलं. लांबोडकी वही, कामाची नोंद एका ओळीत. एप्रिलच्या सबमिशनच्या दिवसांतलं पान उघडलं. ओळीत होतं: ‘ए४, १३२ पानी, मॅट १७०, परफेक्ट, शिलाई नको, सपाट उघडणे, आजच सायं. ७.’ पुढे पैसे. तिचं अक्षर नव्हतं, पण तिचे शब्द होते. ‘सपाट उघडणे’ असं बाइंडर स्वतःहून कधी लिहिणार नाही.

मला त्या प्रसंगातलं हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. एकाच कामाचे दोन लेख तिथे समोरासमोर आले होते. रिव्ह्यूत काय झालं ते होतं, काय मागितलं होतं ते नव्हतं. रजिस्टरात काय मागितलं ते होतं, पुढे काय झालं त्यासाठी रकानाच नव्हता. दोन्ही लिहिणारे आपापल्या जागी खरे आणि दोन्ही लेख अर्धे. ते शेजारी ठेवल्याशिवाय कारण दिसत नव्हतं.

बाइंडरांनी स्वतःला सोडवून घेतलं नाही. म्हणाले, “माझं चुकलं ते एकच. तेव्हा नाही म्हणायला पाहिजे होतं. मला कागद हाताला लागताच कळलं होतं. पण त्या दिवशी इथून रस्त्यापर्यंत पोरं उभी. सात वाजता द्यायचं म्हणजे रात्रभर शिकंज्यातसुद्धा ठेवता आलं नाही. पांढरा गोंद वरून वाळलेला दिसतो, आत ओला असतो. मी म्हटलं, बघू, राहील.” मग जरा थांबून, “बाकी तुम्ही ते बोलायची रीत नाही लिहिलंय ना, ते आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे मात्र पोरीनं खरं लिहिलंय.”

धंदा कमी झाला का, हे तिने भीतभीत विचारलं. त्यांना सांगता येईना. सबमिशन संपली की मुलांचं काम तसंही आटतं, त्यातून कुणी रिव्ह्यू वाचून आलं नाही हे कळायचं कसं? न आलेलं गिऱ्हाईक दुकानात येऊन कारण सांगत नाही. पण एक गोष्ट त्यांना पक्की माहीत होती. कवितासंग्रहांच्या छोट्या आवृत्त्या त्यांच्याकडे देणाऱ्या एका जुन्या प्रकाशकाने फोन करून विचारलं होतं, गोंद बदललात का? त्यांना तो प्रश्न लागला होता. पानं सुटली हे वाक्य त्यांनी मुकाट्याने घेतलं. गोंदाच्या वाक्याने त्यांच्या हिशेबाच्या चोखपणावर बोट ठेवलं होतं, आणि ते वाक्य तर्काचं होतं.

“काढून टाकते तो रिव्ह्यू,” भाची म्हणाली.

“कशाला? काढलात तर पुढची पोरगी हाच कागद घेऊन येईल. गोंदाचं तेवढं काढा आणि कागदाचं लिहा.”

ते लिहायला ती माझ्याकडे आली. आमच्या टेबलावर तक्रारीचं पत्र आलं की आम्ही पाच गोष्टी पाहत असू. तुम्ही काय दिलंत, काय मागितलंत, केव्हासाठी मागितलंत, काय मिळालं, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिता त्याला हे सांगितलंत का व तो काय म्हणाला. शेवटचा प्रश्न बहुतेक पत्रांत कोरा असे. मग आम्ही पत्र बाजूला ठेवून त्या खात्याला किंवा दुकानदाराला विचारत असू. छापताना खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव असे. रिव्ह्यू लिहिणारा स्वतःच वाचक, स्वतःच संपादक आणि स्वतःच छापखाना असतो. विचारायचं काम कुणावरच उरत नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. त्यात लिहिणाऱ्याने आपली संपर्काची माहिती देणं आणि रिव्ह्यू सांभाळणाऱ्या कंपनीने ती माहिती गुप्त राखून रिव्ह्यू तपासणं, अशा दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या आहेत. तेव्हा ते ऐच्छिक म्हणून आलं. वाचकांच्या पत्रव्यवहाराचे जुने नियमच नव्या भाषेत लिहिल्यासारखे मला ते वाटले.

एक खरं, की प्रत्येक तक्रारीत दुकानदाराकडे परत जाऊन विचारायला पाहिजे असं नाही. शिळं खाऊन पोट बिघडलेल्या माणसाने हॉटेलमालकाची बाजू ऐकत बसायचं कारण नाही. एकट्या मुलीला दमात घेणारे दुकानदारही असतात, आणि गल्ल्यावर जे बोलता येत नाही ते लिहिता येतं, हाच रिव्ह्यूचा मोठा उपयोग. आपल्याकडे १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली तीही एकट्या ग्राहकाचं काउंटरवर काही चालत नाही म्हणून. तेव्हा कडक लिहू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट त्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहिली की फसवणारा दुकानदार जास्त नेमका पकडला जातो. ‘चोर आहेत’ असं लिहिलं तर त्याला नाकारता येतं. ‘अमुक जीएसएमचे पैसे घेऊन तमुक वापरला’ हे नाकारता येत नाही.

ताऱ्यांवरून आमचं थोडं वाजलं. तिला आता पाच द्यायचे होते. दुकानात वाईट वाटलं होतं, त्याची ती भरपाई. मी म्हटलं, पानं सुटली की नाही? सुटली. मग पाच कशाचे? रागाने एक दिलास आणि आता कळवळ्याने पाच दिलेस, तर दोन्ही वेळा तू तुझ्याबद्दलच लिहिलंस, पुस्तकाबद्दल नाही. पाच बघून कुणी पुन्हा मॅटचा गठ्ठा घेऊन संध्याकाळी सातचा वायदा मागेल. शेवटी तीनवर आलो. चव्वेचाळीस भागिले दहा, ४.४.

आपला रिव्ह्यू आपल्याला केव्हाही बदलता येतो, दुकानदाराला मात्र तो बदलता येत नाही की काढता येत नाही. त्याला फक्त खाली उत्तर देता येतं किंवा नियमाविरुद्ध असेल तर कंपनीकडे तक्रार करता येते. तिने जुना मजकूर पुसून नवा लिहिला: ‘१७० जीएसएम मॅट कागदाचं १३२ पानी पुस्तक त्याच दिवशी परफेक्ट बाइंडिंग करून घेतलं. पुस्तक सपाट उघडताना मधली पानं सुटली. या कागदाला गोंद धरत नाही, हे बाइंडरांना माहीत होतं, पण गर्दीत त्यांनी सांगितलं नाही. नंतर सगळं दाखवून समजावलं. डावीकडे दीड इंच समास सोडा आणि शिलाई सांगा, दोन दिवस हातात ठेवा. काका गर्दीत तुसडे बोलतात, सकाळी जा.’

शेवटचं वाक्य मी खोडायला सांगणार होतो, मग वाटलं, यातही पत्ता आणि वेळ आहे, राहू दे.

बाइंडरांनी रजिस्टरात कागदाचा वेगळा रकाना आखला आहे. आर्ट पेपर आला की ते एक फुटकी पाठ पुढे करतात आणि शिलाईचं विचारतात. मी तिथे होतो तेव्हाच दोन मुलं ते ऐकून निघून गेली. समास नव्हता आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. पलीकडच्या दुकानात त्यांना कुणी काही विचारलं नसणार. तासाभरात चकचकीत पुस्तक हातात, आणि त्याच संध्याकाळी पाच तारे. बाइंडिंगच्या रिव्ह्यूची खरी अडचण ही आहे. तारे देतात त्या दिवशी सगळीच पुस्तकं चांगली असतात. गोंद सुटतो पुढे कधीतरी, एखाद्या थंडीत कडक होऊन नाहीतर दहाव्यांदा उघडताना, आणि तोवर लिहिणारा ते दुकान विसरलेला असतो. नाट्यगृह किंवा मिसळ यांचा निकाल त्याच दिवशी लागतो. पुस्तकाच्या पाठीचा, चपलेच्या तळव्याचा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा निकाल लागायला ऋतू जावे लागतात.

भाचीचं पुस्तक त्यांनी पुन्हा बांधून दिलं. समास नसल्यामुळे भोकं पाडता येत नव्हती, म्हणून समोरासमोरची पानं कापडाच्या पातळ पट्टीने मागून जोडली आणि शिलाई त्या पट्ट्यांमधून घेतली. गठ्ठा पाठीकडे फुगला, कव्हर नवं करावं लागलं, पण प्लॅन आता सपाट उघडतो. फुकट देत होते, तिने निम्मी मजुरी देऊ केली, तेवढी त्यांनी घेतली. घरी येऊन तिने रिव्ह्यूला आणखी एक ओळ जोडली: ‘दुरुस्ती करून घेतली आहे. पावसाळा गेल्यावर पुस्तक कसं राहिलं ते इथेच लिहीन.’